पानावरची नानकटाई

आमच्या धाकटीला कुणी काही खायला दिलं की हात पुढे करायच्या आधी ती विचारायची, "यात काय आहे?"

देणाऱ्याला हा उद्धटपणा वाटे. लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, देवळाच्या पायरीवर, सगळीकडे तिचा एकच प्रश्न. "केवढीशी आहे आणि चौकशी बघा दिवाणासारखी," असं म्हणून बायका हसत. आई मात्र हसत नसे. कारण धाकटी सहा वर्षांची असताना शेजारच्या बारशात कुणीतरी तिच्या हातावर दाण्याच्या चिक्कीचा तुकडा ठेवला होता आणि तो तिने तोंडात टाकला होता. बघता बघता तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा धरला आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. डॉक्टरांनी टांग्यातून उतरल्या उतरल्या सुई टोचली म्हणून ती वाचली. अ‍ॅलर्जी हा शब्द तेव्हा आमच्या वाडीपर्यंत पोचला नव्हता. आम्ही म्हणायचो, हिला दाणा चढतो. शेंगदाणाच असं नाही, काजूचंही तेच.

त्या दिवसानंतर धाकटीच्या डोक्यात एक गोष्ट बसली. शेजारच्या मुली घरघर खेळताना कुणी आई व्हायची, कुणी सासू, कुणी म्हातारी आजी. हिला आजी व्हायला सांगितलं की ही सरळ म्हणे, "मी नाही होणार म्हातारी. मला दाणा चढतो." मुली म्हणत, बरं मग तू बाळ हो. आणि ती निमूट बाळ होई. हे मी ओसरीवरून ऐकलं. मी तिच्याहून दहा वर्षांनी मोठी, मॅट्रिक झालेली, पण मी खाली मान घालून तांदूळ निवडत राहिले.

आमची वाडी वसईच्या बागायतीत. केळी, पानवेली, मोगरा, आणि मधून वाहणारे पाण्याचे पाट. थंडीच्या दिवसांत सकाळी पाटावर धुकं असं बसलेलं असे की केळीची पानं नुसतीच हवेत टांगल्यासारखी दिसत, बुंधे दिसतच नसत. रहाटाचा आवाज यायचा पण रहाट कुठे आहे ते कळायचं नाही. पलीकडून चर्चची घंटा ऐकू येई आणि तीही पाण्यातूनच वर आल्यासारखी वाटे. त्या सगळ्या दिवसांची आठवण मला अशीच येते, कडा नसलेली. पण शाळेच्या त्या आनंदमेळ्याचं मात्र सगळं स्वच्छ दिसतं, वासासकट.

मी तेव्हा नुकतीच मुलींच्या शाळेत खालच्या वर्गांना शिकवायला लागले होते. शाळेच्या एका वर्गावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. पावसाळ्यात मुली पाटीवर लिहीत आणि आभाळ ते पुसून टाकी. कौलांसाठी संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी आनंदमेळा भरवायचं ठरलं. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकेने, एकेका शिक्षिकेला एकेक गाळा वाटून दिला. माझ्या वाट्याला खाऊचा गाळा आला.

"भट्टीतला खाऊ ठेवा," त्या म्हणाल्या. "भजी, वडे इतर करतील. ते गरम आहेत तोवरच खपतात. भट्टीतला पदार्थ टिकतो, सकाळी मांडला तरी संध्याकाळी तसाच. पण एक लक्षात ठेवा, अंडं नको. व्यापाऱ्यांच्या घरचे लोक येतील, भटा-ब्राह्मणांच्या घरचे येतील. अंड्याचा नुसता संशय आला तरी गाळ्याकडे कोणी फिरकणार नाही."

मी म्हटलं, "बाई, दाणाही नको."

"दाणा? दाण्याने कुणाचा धर्म बुडतो?"

मी धाकटीचं सांगितलं. ती त्याच शाळेत चौथीत होती, बाईंना ते अर्धवट माहीत होतं. त्या म्हणाल्या, "संक्रांतीचे दिवस, सगळा गाव तीळ-दाण्यात लोळतोय. अंडं काढलंत, दाणा काढलात, आता काय नुसतं ताट विकणार?" पण नाही म्हणाल्या नाहीत. उलट धाकटीला बोलावून सांगितलं, "तू ताईच्या गाळ्यावर उभी राहायचं. विकायचं आणि वाटेल ते खायचं. न विचारता."

न विचारता! त्या दोन शब्दांनी धाकटीला झोप लागेना. अंथरुणात पडून ती मला विचारी, "ताई, म्हणजे नुसतं उचलायचं आणि खायचं?" मी म्हणे, हो. "आधी वास पण नाही घ्यायचा?" नाही. मग बराच वेळ ती छपराकडे बघत पडून राही.

खाऊ काय ठेवायचा हे ठरवायला मी चर्चच्या मागच्या भट्टीवर गेले. भट्टीवाले बाबा गावाला पाव पुरवत. आम्ही बागायतदार दिवाळीत त्यांच्याकडे घरचं तूप, साखर, मैदा घेऊन जायचो आणि ते नानकटाई भाजून द्यायचे. मोठे गुडघे, पांढऱ्या भुवया, आणि भट्टीच्या तोंडाशी बसून बसून तांबडा झालेला चेहरा. मी अट सांगितली तेव्हा त्यांनी हाताचं पीठ झटकलं.

"अंडा नाय, दाना नाय. बरा. मग काय हाय ते सांग."

"काय ठेवू ते तुम्हीच सांगा."

त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. जिऱ्याचे बटर, सुकवून कडक केलेले, ते कितीही दिवस राहतात. नानकटाई, तुपाची, वेलची घातलेली, वरती काजू न लावता, हवाबंद डब्यात पंधरा दिवस हलायची नाही. आणि केळ्याचा केक. पिकलेलं केळं अंड्याचं काम करतं, पीठ धरून ठेवतं. मात्र सोड्याला आंबट लागतं, म्हणून दही घालायचं, नाहीतर केक बसतो. केक दोन दिवसांवर राहत नाही, म्हणून तो शेवटी भाजायचा आणि गाळ्यावर पुढे मांडायचा. लहान चौकोन कापायचे. "मोटा तुकडा बगून मानूस विचार करते. लहान तुकडा बगून हात टाकते," ते म्हणाले. भरीला आमच्या घरची सुकेळी होतीच, उन्हात वाळवलेली राजेळी केळी.

तूप आईने घरचं दिलं. वनस्पतीच्या डब्याला ती कधी हात लावत नसे, कारण ते दाण्याच्या तेलापासून करतात हे तिला ठाऊक होतं. घरात स्वयंपाक खोबरेलात नाहीतर तुपात. नारळाने धाकटीला काही होत नसे. आई मला पुन्हा पुन्हा सांगे, "तूप आपलंच वापराला सांग गो. तेच्या घरचा नको." मी बाबांना सांगे, बाबा मान हलवत. बुधवारी बटर झाले, गुरुवारी नानकटाई झाली, शुक्रवारी केक व्हायचा होता. मोठ्या बाईंनी रंग आणून स्वतःच्या हाताने पाटी रंगवली. अंडे नाही, दाणा नाही. अक्षर सुरेख होतं, आणि पाटी शाळेच्या व्हरांड्यात वाळत होती.

शुक्रवारी दुपारी आम्ही डबे भरायला भट्टीवर गेलो, मी, मोठ्या बाई आणि धाकटी. आईही आली होती, केळीचा लोंगर घेऊन. भट्टीतली मंद ऊब, छपराच्या फटीतून आलेले उन्हाचे पट्टे, त्यांत हळूहळू फिरणारं पीठ. पत्र्याच्या ताटांवर नानकटाई रांगेत बसली होती, मधे तडकलेली, बदामी. तो वास अजून माझ्या नाकात आहे. मला वाटलं, स्वर्गात जर दुपार असेल तर ती अशीच असेल.

"घे," बाबा धाकटीला म्हणाले. "पैला मान तुजा."

तिने न विचारता उचलली. तोंडाजवळ नेली. आणि थांबली. मग तिने ती नाकाशी धरली, उलटी केली, खालची बाजू हुंगली, आणि हळूच परत ताटात ठेवली.

"यात दाणा आहे," ती म्हणाली.

बाबांच्या भुवया एकत्र आल्या. "नाय. मी स्वता पीठ मळला. तुमचा तूप, तुमची साकर. दाना या घरात नाय."

"आहे," धाकटी म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "खालून आहे."

मोठ्या बाईंनी नानकटाई उचलून हुंगली, मी हुंगली. आम्हाला तूप आणि वेलची सोडून काही कळेना. आईने मात्र नानकटाईकडे बघितलंच नाही. तिने रिकाम्या ताटावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्यापुढे धरलं. चकचकीत.

"पत्र्याला काय लावता?" तिने विचारलं.

"तेल. चिकटू नये म्हनून. गोडा तेल," बाबा म्हणाले. आणि म्हणता म्हणताच त्यांचं तोंड उघडं राहिलं.

गोडंतेल म्हणजे घाण्याचं शेंगदाण्याचंच तेल, दुसरं कुठलं असणार? पण आम्ही सगळ्यांनी पदार्थाच्या आत काय जातं ते पाहिलं, खाली काय आहे ते कुणीच पाहिलं नाही. दाणा म्हणजे दाणा, आणि तेल म्हणजे तेल. पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याला तेलाचा बोळा फिरवणारा हात त्या दिवशीही फिरला होता, एवढंच. बटरही त्याच पत्र्यांवर भाजलेले. म्हणजे सगळंच गेलं.

धाकटी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती भिंतीशी जाऊन पोत्यावर बसली आणि पायाच्या अंगठ्याने जमिनीवरच्या पिठात रेघा ओढू लागली. मला तेव्हा संताप आला, बाबांचा नाही, त्या बोळ्याचा. एखाद्या चिंधीचा राग येऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

मोठ्या बाई हलक्या आवाजात मला म्हणाल्या, "हे बघा, मेळा उद्या आहे. गावाला हे सगळं चालेल. एक तिच्यापुरतं आपण घरून काही करून देऊ. काय?"

बोलणं शहाणपणाचं होतं. मी मान हलवणार होते. पण त्याच बोलता बोलता थांबल्या. मला वाटतं त्यांना व्हरांड्यातली पाटी आठवली. खोटं बोललं म्हणून त्या बाईंनी इन्स्पेक्टरच्या पुतणीलाही पायाचे अंगठे धरायला लावले होते.

"पाटी मीच लिहिली आहे," त्या म्हणाल्या. आणि मग जरा चिडूनच, "पुसायला रंगही उरलेला नाही."

बाबा तोवर उठले होते. "मी सांगितला दाना नाय," ते म्हणाले. "म्हनजे नाय. ये माल मी माज्या दुकानात ठेवतो, विकला जाईल, तेची फिकीर नको. तुमच्या तूप-मैद्याचे पैशे मी देतो. भट्टी आताच पेटवतो. पन पत्रे?" त्यांनी ताटांकडे पाहिलं. "वर्सानुवर्सा तेल प्यालेत. धुतले तरी जायाचा नाय."

सगळे त्या पत्र्यांकडे बघत राहिले. नवे पत्रे आणायचे तर मुंबई गाठावी लागली असती. मग आईला हसू आलं. आमची आई हसली की तोंडाला पदर लावायची, तसा लावला.

"अवो, पानगे कशावर भाजते मी? पत्र्यावर?"

पानगे म्हणजे तांदळाच्या पिठाच्या भाकरी, केळीच्या दोन पानांमध्ये धरून भाजलेल्या. आमच्या घरी त्या नेहमीच होत. पानाला काही चिकटत नाही. तुपाची नानकटाई तर मुळीच चिकटणार नाही. आमच्या वाडीत केळीच्या पानांना काय तोटा!

मी आणि धाकटी पानं आणि घरचं आणखी तूप आणायला वाडीकडे धावलो. ऊन उतरत होतं, केळींमध्ये हिरवा अंधार साचायला लागला होता. मी कोयत्याने पानं कापत होते आणि ती एकेक पान दोन्ही हातांवर आडवं घेऊन उभी राहत होती. पानांच्या ढिगामागे तिचं फक्त कपाळ दिसत होतं. "ताई," तो ढीग म्हणाला, "पण भाजून झाल्यावर मी आधी वास घेईन हं." मी म्हटलं, "घे बाई. हवा तेवढा घे."

परत आलो तेव्हा भट्टीत सुरूची लाकडं धडधडत होती. बाबांनी मळायची फळी राख आणि कढत पाण्याने घासून काढली होती, परात, चाळणी, आपले हात कोपरापर्यंत. त्या वयाच्या माणसाने एका नऊ वर्षांच्या मुलीला दोन्ही हात पुढे करून दाखवले, शाळेत नखं तपासायला दाखवतात तसे. तिने हुंगून मान डोलावली. मग आईने पानं निखाऱ्यांवर धरून मऊ केली, पत्र्यांवर दुहेरी अंथरली, कडांवरून खाली वळवली. आग ओढून बाहेर काढली, भट्टीचा ताव जरा उतरू दिला. आधी केक गेला, त्याला ताव जास्त लागतो. तो निघाल्यावर उतरत्या भट्टीत नानकटाई.

"पानाची वाफ लागून खालून नरम राहील," बाबांना काळजी. म्हणून भाजून झाल्यावर पान सोलून नानकटाई ताज्या पानावर उलटी मांडली आणि पुन्हा थोडा वेळ आत ठेवली. मोठ्या बाई पदर खोचून डब्यांना आतून कागद लावत होत्या. मी गरम नानकटाई डब्यात टाकायला गेले तर माझ्या हातावर चापट बसली. "थंड होऊ द्या! गरम डबा बंद केलात तर त्याला घाम येईल, उद्या सगळ्याचा लगदा." त्या दिवशी गावाला पाव उशिरा मिळाला आणि बाबांनी कुणाला कारण सांगितलं नाही.

धाकटीने वास घेतला. आधी खालून, मग वरून. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येत नाही. मी म्हटलं, "खा की आता." तर म्हणाली, "नको. उद्या. गाळ्यावरून खाईन. सगळ्यांसारखी."

शनिवारी शाळेच्या पटांगणात कनाती, पताका, आणि वरती ते थंडीतलं विरघळलेलं ऊन. आमचा गाळा आंब्याखाली. केकच्या प्रत्येक चौकोनाखाली पानाचा भाजलेला तुकडा होता, तपकिरी झालेला, आणि त्या पानाचा वास सगळ्या तळणीच्या वासातून वाट काढून लोकांना ओढून आणत होता. कुणी असं काही पाहिलं नव्हतं. व्यापाऱ्यांच्या बायका पाटी वाचत आणि तरी विचारत, "यात काय आहे?"

आणि धाकटी सांगे. टाचा उंचावून, हात मागे बांधून, कविता म्हणावी तशी. "मैदा, साखर, घरचं तूप, केळं, दही, सोडा, वेलची. खाली पान." आयुष्यभर जो प्रश्न तिने विचारला होता तो आता लोक तिला विचारत होते, आणि तिला उत्तर देताना अशी काही मजा येत होती की तिला खायची आठवणच राहिली नाही. केक आधी संपला. मग सुकेळी. नानकटाईचे डबे एकेक करून रिकामे झाले. मी गिऱ्हाइकांत गुंतलेली. मोठ्या बाई दुरून बघत होत्या, आणि एवढं खपतंय याचा त्यांना आनंद व्हायचा तो होतच होता.

सावल्या लांब झाल्या तेव्हा धाकटीने शेवटचा डबा वाकडा करून आत पाहिलं. एक नानकटाई. ती तिने तळहातावर घेतली. मी म्हटलं, "आता कुणालाही देऊ नकोस, ही तुझी."

तेवढ्यात गाळ्यापाशी एक म्हातारी येऊन उभी राहिली. कामणच्या बाजूची, खाडीकाठच्या शेतकऱ्यांतली असावी. आखूड नेसलेलं लुगडं, कापसासारखे केस, तोंडात मोजके दात. बरोबर एक सून आणि दोन-तीन नातवंडं, सगळी हातात काही ना काही घेऊन खाणारी. ती एकटी रिकाम्या हाताची. तिने पाटीकडे पाहिलं, पण तिला वाचता येत नसावं. ती धाकटीकडे वाकली आणि अगदी हळू, इतरांना ऐकू जाऊ नये अशी बोलली.

"बाय, यात काय हाय? दाना नाय ना? मना दाना सोसत नाय. लानपनापासून."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. मला वाटलं हिला ऐकू आलं नाही. पण ती त्या म्हातारीच्या केसांकडे बघत होती, मग सुरकुत्यांकडे, मग हातांवरच्या फुगलेल्या शिरांकडे. एकेक गोष्ट नीट, तपासून.

"लहानपणापासून?" तिने विचारलं.

"हां. एकदा तर मेलीच होती."

"सूज येते? घसा धरतो?"

"धरते ना गो बाय."

धाकटीने नानकटाई मोडली. मोठा तुकडा म्हातारीला दिला आणि छोटा स्वतःच्या तोंडात टाकला. न विचारता, न हुंगता. दोघी समोरासमोर उभ्या राहून खात होत्या. म्हातारीला चावण्यापुरते दात नव्हते म्हणून ती नुसती विरघळवत होती, आणि हिने तिच्याकडे बघून तसंच विरघळवायला सुरुवात केली. मी तोंड फिरवलं, कारण माझे डोळे भरून आले होते आणि गाळ्यावर रडणं बरं दिसलं नसतं.

घरी जाताना पाटांवर धुकं उतरायला लागलं होतं. आई पुढे रिकामे डबे घेऊन चालत होती. धाकटी माझं बोट धरून चालत होती. मी विचारलं, "कशी लागली गं नानकटाई?"

तिने ते ऐकलंही नसावं. बांधावर मधेच थांबून तिने माझा हात ओढला.

"ताई," ती म्हणाली, "ती किती म्हातारी होती गं!"

दुसऱ्या दिवशी ओसरीवर घरघर मांडलं गेलं तेव्हा आजी कोण होणार यावरून मोठं भांडण झालं. ते धाकटीने जिंकलं.